फ्लूच्या लशीनंतर ताप आला? आधी घड्याळ बघा. कुठला त्रास लशीचा आणि कुठला नाही, हे असं ओळखा

गेल्या वर्षी जुलैमध्ये आईने फ्लूची लस घेतली. वय ५८, मधुमेह आहे, त्यामुळे डॉक्टरांनीच सुचवलं होतं. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता डाव्या दंडात इंजेक्शन दिलं. रात्री अकराच्या सुमारास दंड ठणकायला लागला. शुक्रवारी सकाळी अंग मोडून आलं होतं, दुपारी थर्मामीटरवर १००.६ आकडा दिसला. संध्याकाळपर्यंत ताप उतरला आणि शनिवारी सकाळी ती नेहमीसारखी पोळ्या करत होती. रविवारपर्यंत दंडाला हात लावला तर जरासं दुखत होतं, तेवढंच.

मग मंगळवारी रात्री तिला पुन्हा ताप आला, १०२.४. डोळ्यांच्या मागे दुखत होतं, डोकं ठणकत होतं. घरातल्या सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, ‘लस बाधली.’ मावशीचा फोन आला, शेजारच्या काकूंनी सांगितलं, मीही मान हलवली. बुधवार ‘लशीचा ताप आहे, उतरेल’ असं म्हणण्यात गेला. मेडिकलमधून आणलेल्या अंगदुखीच्या दोन गोळ्याही तिने घेतल्या. गुरुवारी सकाळी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘लस घेऊन किती दिवस झाले?’ आणि दुसरा, ‘कोणती गोळी घेतली?’ रक्ताचा रिपोर्ट आला. डेंगी होता.

शुक्रवारचा ताप लशीचा होता, मंगळवारचा नव्हता. दोन्ही तापांमधला फरक रिपोर्ट न बघताही कळण्यासारखा होता, फक्त तास मोजायला हवे होते. पावसाळ्याच्या तोंडावर लस घेणाऱ्यांना तो हिशेब माहीत असावा, म्हणून हा लेख.

लशीमुळे फ्लू होतो का?

नाही. आपल्याकडे दंडात दिली जाणारी फ्लूची लस ‘निष्क्रिय’ प्रकारची असते. तिच्यासाठी विषाणू बहुतेक वेळा कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, मग रसायनाने मारतात, त्याचे तुकडे करतात आणि त्यातली हवी ती प्रथिनं वेगळी काढतात. अर्धा मिलिलीटरच्या डोसमध्ये प्रत्येक प्रकारच्या विषाणूचं फक्त १५ मायक्रोग्रॅम मुख्य प्रथिन असतं. मेलेल्या विषाणूचे तुकडे शरीरात वाढू शकत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापासून फ्लू होत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला तो लागण्याचाही प्रश्न येत नाही.

नाकात फवारायची लस वेगळी. तिच्यात कमजोर केलेले जिवंत विषाणू असतात आणि ती घेतल्यावर नाक वाहणं, घसा खवखवणं असा त्रास होऊ शकतो. या लेखात आपण दंडातल्या लशीबद्दलच बोलतोय.

‘लस घेतली आणि आठवड्याने मला फ्लू झाला’ असं सांगणारे बरेच भेटतात. ते खोटं बोलत नसतात. लशीनंतर पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या काळात खरा विषाणू गाठू शकतो. शिवाय सर्दी-खोकल्याचे इतर कितीतरी विषाणू आहेत, ज्यांच्याशी या लशीचा संबंधच नाही.

मग दंड का दुखतो आणि ताप कशामुळे येतो?

दंडाच्या वरच्या भागात डेल्टॉइड नावाचा जाड स्नायू असतो. सुई तिथे जाते. स्नायूला झालेली बारीकशी इजा हे दुखण्याचं एक कारण. पण खरं ठणकणं काही तासांनी सुरू होतं, कारण ते सुईमुळे नसून शरीराच्या प्रतिसादामुळे असतं. परकी प्रथिनं दिसली की त्या जागेवरच्या पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात, पाणी आणि पांढऱ्या पेशी तिथे जमा होतात. त्यातून सूज, लाली, ऊब आणि दुखणं येतं.

हेच संदेश रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचले, तर तिथलं तापमान ठरवणारं केंद्र आपला आकडा थोडा वर सरकवतं. एसीच्या थर्मोस्टॅटवर कुणी २४ चं २६ करावं, तसं. शरीराला वाटतं आपण थंड पडलोय, म्हणून हुडहुडी भरते, अंग दुखतं, झोप येते. पॅरासिटामॉल हा वर सरकलेला आकडा खाली आणतं, म्हणून त्याने बरं वाटतं.

लशीचे तुकडे घेऊन काही पेशी काखेतल्या लसिका ग्रंथींकडे जातात. प्रतिपिंडं बनवण्याचं काम तिथे चालतं. त्यामुळे ज्या हातावर लस घेतली त्याच बाजूच्या काखेत दोन-चार दिवस दुखरी गाठ लागली, तरी घाबरायचं कारण नाही. ती काही आठवड्यांनीही तशीच राहिली किंवा वाढत गेली, तर मात्र दाखवायला हवी.

आणि ज्यांना काहीच त्रास झाला नाही, त्यांच्यावर लशीने काम केलं नाही असा अर्थ होत नाही. अनेकांना नुसता दंड दुखतो, काहींना तोही नाही.

त्रास किती जणांना होतो?

याचं उत्तर देणारा एक जुना पण फार छान प्रयोग आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात निरोगी, नोकरी करणाऱ्या सुमारे ८५० माणसांवर तो झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना फ्लूची लस दिली, निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन. कोणाला काय दिलं, हे त्यांना सांगितलं नव्हतं.

दंड दुखल्याचं लसवाल्यांपैकी १०० मधल्या साधारण ६४ जणांनी सांगितलं, दुसऱ्या गटात २४ जणांनी. म्हणजे दंडाचं दुखणं बहुतांशी लशीचंच. पण ताप दोन्ही गटांत १०० पैकी साधारण सहा जणांनाच आला. थकवा दोन्हीकडे १०० पैकी जवळपास १९ जणांना वाटला. म्हणजे ज्यांना लस दिलीच नव्हती, तेही तितकेच थकले होते.

याचा अर्थ लशीने ताप येतच नाही असा नाही. पहिल्यांदा लस घेणाऱ्यांत आणि लहान मुलांत तो जास्त दिसतो. पण कुठल्याही दोन दिवसांत काही माणसांना थकवा येतोच, काहींना ताप येतोच. इंजेक्शन घेतलेलं असेल तर आपण तो इंजेक्शनच्या नावावर टाकतो. आमच्या घरात मंगळवारी नेमकं हेच झालं.

कधी काय होतं? तासांचा हिशेब

लस घेतली ती वेळ शून्य धरा आणि पुढे मोजा. फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवलंत तर उत्तम.

पहिली १५ ते ३० मिनिटं : केंद्रातच बसून राहायचं. या काळात फार तर सुईची चुणचुण असते. पण तीव्र ॲलर्जी आणि चक्कर, दोन्ही बहुधा याच वेळात येतात, म्हणून घाईने गाडी काढायची नाही.

सहा ते बारा तास : दंड जड होतो, ठणकतो. ज्यांना ताप यायचा, त्यांचा साधारण याच टप्प्यात सुरू होतो. कणकण, अंगदुखी, डोकेदुखी, मरगळ. संध्याकाळी लस घेतली असेल, तर हे सगळं रात्री किंवा पहाटे जाणवतं. आईचं असंच झालं होतं.

१२ ते ४८ तास : त्रासाचा सगळ्यात जोराचा काळ आणि उताराचा काळही हाच. ताप बहुतेकदा १०१ च्या आत असतो. दंडावर रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी लाली आणि कडकपणा असू शकतो.

४८ ते ७२ तास : ताप आणि थकवा गेलेला असायला हवा. दंडावर दाबलं तर थोडं दुखतं, पण दिवसागणिक कमी होत जातं.

७२ तासांनंतर : नवा ताप आला तर तो लशीचा धरायचा नाही. हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. विशेषतः मध्ये एक-दोन दिवस पूर्ण बरं वाटून मग ताप चढला असेल, तर तो दुसराच कसला तरी आहे.

आईच्या बाबतीत गुरुवारी सहाला शून्य धरलं, तर शुक्रवार दुपारचा ताप साधारण २० व्या तासाला होता. मंगळवार रात्रीचा ताप १२० तासांच्या पुढचा. डेंगीचा डास चावल्यापासून ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात. म्हणजे तो डास लस घेण्याच्या आगेमागे कधीतरी चावला असणार. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या, एवढाच त्यांचा संबंध.

दंडासाठी काय करायचं?

पहिली गोष्ट लस घेण्याच्या आधीची. सैल बाहीचा किंवा पुढून उघडणारा कपडा घालून जा. खांद्यापासून दंड पूर्ण उघडा दिसला, तर सुई बरोबर जागी जाते. शर्टाची कॉलर ओढून वरून दंड दाखवू नका. त्यात सुई नको तितकी वर, खांद्याच्या सांध्याजवळ जाऊ शकते. योग्य जागा खांद्याच्या टोकाच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली असते. इंजेक्शन घेताना दंड सैल सोडा. मूठ आवळली की स्नायू कडक होतो आणि नंतर जास्त दुखतं.

ज्या हाताने कामं करता त्याच्या विरुद्ध हातावर लस घेतली, तर रात्री झोपायला आणि दुसऱ्या दिवशी कामाला बरं पडतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. अशांनी सुई काढल्यावर ती जागा न चोळता दोन मिनिटं नुसती दाबून धरायची, म्हणजे रक्त साकळत नाही.

घरी आल्यावर दंड ठणकायला लागला, की स्वच्छ रुमाल गार पाण्यात पिळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा चालेल. बर्फ थेट कातडीवर नको, कापडात गुंडाळून. हात गळ्यात बांधल्यासारखा एका जागी धरून ठेवू नका. दर दोन-तीन तासांनी खांदा गोल फिरवा, हात वर करा, केस विंचरा, दोरीवर कपडे वाळत घाला. हलक्या हालचालीने रक्तप्रवाह वाढतो आणि जडपणा लवकर जातो. फक्त त्या दिवशी व्यायामशाळेत वजनं उचलायची नाहीत.

गरम विटेचा शेक, बाम, हळदीचा लेप, जोरात मालीश हे सगळं पहिल्या दोन दिवसांत टाळा. सुजलेली जागा चोळली तर सूज वाढते. वर लेप असेल तर लाली पसरतेय का, हेही दिसत नाही.

ताप आणि थकव्यासाठी काय करायचं?

९९ किंवा ९९.५ असेल तर गोळीची गरज नाही. ताप म्हणायचं ते १००.४ पासून पुढे. पण आकड्यापेक्षा तुम्हाला कसं वाटतंय ते बघा. अंग फार दुखत असेल, झोप लागत नसेल, तर पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही.

निरोगी प्रौढाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. दुसरी लागलीच तर सहा तासांनी. ६५० च्या चार गोळ्या घेतल्या तर दिवसाला २,६०० मिलिग्रॅम होतात आणि लशीच्या तापाला त्यापुढे जायची वेळ येत नाही. निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४,००० मिलिग्रॅम ही वरची हद्द. यकृताचा आजार, रोजचं मद्यपान, खूप कमी वजन किंवा जास्त वय असेल, तर हद्द त्याहून खाली येते आणि ती डॉक्टरांनाच विचारायची.

इथे एक चूक वारंवार होते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं. समजा दिवसात ६५० च्या तीन गोळ्या घेतल्या, म्हणजे १,९५०. ‘नाकही चोंदलंय’ म्हणून ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेल्या सर्दीच्या चार गोळ्या घेतल्या, म्हणजे २,०००. बेरीज ३,९५०. दोन वेगळी औषधं घेतली असं वाटतं, पण प्रत्यक्षात एकाच औषधाची हद्द गाठलेली असते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं घटकाचं नाव वाचायची सवय लावा.

लस घेण्याआधीच ‘त्रास होऊ नये म्हणून’ गोळी घेऊन जाऊ नका. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळांना इतर लशींसोबत आधीपासूनच पॅरासिटामॉल दिलं, तेव्हा त्यांच्यात काही प्रतिपिंडं कमी तयार झाल्याचं दिसलं होतं. त्रास सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीबद्दल ही काळजी नाही. पण जो त्रास होईलच असं नाही, त्यासाठी आधीच औषध कशाला?

थकव्यावर उपाय सोपा आहे : पाणी, ताक, पेज, सूप जे उतरेल ते आणि लवकर झोप. दुसऱ्या दिवशी महत्त्वाचा प्रवास, परीक्षा किंवा रात्रपाळी असेल, तर लस एक-दोन दिवस पुढे-मागे घ्या. मधुमेह असणाऱ्यांनी पहिले दोन दिवस साखर जरा जास्त वेळा तपासावी. एरवी उपाशीपोटी १२० च्या आसपास असणारी आईची साखर त्या शुक्रवारी १६० झाली आणि रविवारी पुन्हा खाली आली. तापात असं होतं. नेहमीची औषधं मात्र मनाने वाढवायची किंवा बंद करायची नाहीत.

लहान मुलांना किती औषध द्यायचं?

मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम.

गोंधळ होतो तो बाटलीवरून. एका सिरपमध्ये पाच मिलिलीटरमागे १२५ मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात २५०. पहिल्यातून १५० मिलिग्रॅमसाठी सहा मिलिलीटर लागतात, दुसऱ्यातून तीनच. जुन्या बाटलीच्या अंदाजाने नव्या बाटलीतून सहा मिलिलीटर दिले, तर डोस दुप्पट होतो. म्हणून चमच्याने नाही, बाटलीसोबत आलेल्या मापाने द्या आणि तुमच्या मुलाचा डोस बालरोगतज्ज्ञांकडून एकदा लिहूनच घ्या. मुलांना ॲस्पिरिन द्यायचं नाही. त्यांच्यात यकृत आणि मेंदूला इजा करणाऱ्या एका दुर्मीळ आजाराशी त्याचा संबंध आहे. सहा महिन्यांहून लहान बाळाला फ्लूची लस देत नाहीत. इतक्या लहान बाळाला ताप आला तर लगेच डॉक्टर गाठा.

पावसाळ्यात अंगदुखीची कुठलीही गोळी का नको?

आईने बुधवारी घेतलेल्या गोळीत पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन होतं. लशीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत, पोट आणि मूत्रपिंड चांगलं असलेल्या प्रौढाने जेवणानंतर ती घेतली तर सहसा बिघडत नाही. पण डेंगीत रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात.

जून ते ऑक्टोबर या महिन्यांत कुठलाही ताप डेंगीचा असू शकतो. म्हणून या दिवसांत तापाला फक्त पॅरासिटामॉल, हा नियम ठेवला की चूक झाली तरी महाग पडत नाही. डॉक्टरांनी गोळीचं पाकीट बघायला मागितलं, त्यामागे हेच कारण होतं. आईच्या प्लेटलेट पहिल्या दिवशी १,३८,००० होत्या, नंतर ६२,००० पर्यंत उतरल्या. चार दिवस रुग्णालयात काढून ती घरी आली. रक्तस्राव झाला नाही, हे आमचं नशीब.

नेहमीपेक्षा वेगळं काय?

पाच गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, तीव्र ॲलर्जी. ही अतिशय दुर्मीळ आहे. सगळ्या लशी मिळून दहा लाख डोसमागे एखाद्याला, इतकी. ती बहुधा काही मिनिटांत सुरू होते. अंगभर गांधी उठतात, ओठ-जीभ-चेहरा सुजतो, आवाज घोगरा होतो, छातीत घरघर होते, उलट्या होतात, नाडी जलद आणि क्षीण होते. यावर औषध एकच, मांडीच्या स्नायूत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन, आणि ते लगेच. ॲलर्जीची साधी गोळी देऊन वाट बघत बसू नये. केंद्रात असाल तर तिथल्या तिथे सांगा, घरी असाल तर १०८ ला फोन करा.

साधी चक्कर वेगळी असते. सुईच्या भीतीने माणूस पांढरा पडतो, घाम फुटतो, नाडी मंद होते, पण गांधी किंवा सूज नसते. आडवं करून पाय उंच केले की थोड्या वेळात माणूस सावरतो.

दुसरी, वाढत जाणारी लाली. लशीची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ओसरते. ती उलट पसरत असेल, जागा गरम आणि टणक होत असेल, पू दिसत असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे लालीच्या कडेने पेनने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा आणि फोटो काढा. बारा तासांनी लाली रेघेच्या बाहेर गेली असेल तर दाखवायला जा.

तिसरी, खांद्याचं दुखणं. दंडाच्या मध्यावर दुखणं नेहमीचं. पण ४८ तासांच्या आत खांद्याच्या सांध्यातच कळ सुरू झाली, हात डोक्याच्या वर जात नाही, पाठीमागे नेऊन ब्लाउजचं हुक किंवा बनियन काढता येत नाही आणि आठवडा उलटला तरी फरक नाही, तर सुई जास्त वर, सांध्याभोवतालच्या पिशवीत गेली असण्याची शक्यता असते. हा लशीतल्या घटकांचा दोष नाही, टोचण्याच्या जागेचा आहे. असं दुखणं महिनोन् महिने राहू शकतं. ‘जाईल आपोआप’ म्हणून खांदा धरून ठेवला तर तो आखडतो. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि लशीची तारीख सांगा.

चौथी, पायांतली शक्ती जाणं. ‘जीबीएस’ हे नाव महाराष्ट्राला जानेवारी २०२५ मध्ये पाठ झालं, जेव्हा पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. तिथे संशयाचं बोट दूषित पाणी आणि त्यातल्या कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूकडे होतं, लशीकडे नाही. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. फ्लूच्या लशीनंतर हा धोका वाढत असेल, तर तो दहा लाख डोसमागे एक-दोन रुग्णांइतका असतो, असं आजवरच्या अभ्यासांतून दिसतं. खुद्द फ्लू झाल्यावरही जीबीएस होऊ शकतो. लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत दोन्ही पायांना मुंग्या येऊन जिना चढता येईनासा झाला, खुर्चीतून उठायला आधार लागू लागला आणि अशक्तपणा खालून वर सरकत असेल, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. लशीच्या थकव्यात ‘उठावंसं वाटत नाही’. इथे ‘उठताच येत नाही’. फरक हाच आहे. ज्यांना पूर्वी जीबीएस झाला आहे, त्यांनी लशीआधी डॉक्टरांना ते सांगितलंच पाहिजे.

पाचवी आणि सगळ्यात जास्त वेळा येणारी गोष्ट म्हणजे चुकीच्या वेळी आलेला ताप. ७२ तासांनंतर नव्याने आलेला, तीन दिवसांहून जास्त टिकलेला किंवा १०२ च्या पुढे गेलेला ताप लशीच्या खात्यावर टाकू नका. तापासोबत खोकला, धाप, डोळ्यांमागे दुखणं, अंगावर पुरळ, पोटात तीव्र दुखणं, लघवी कमी होणं यातलं काही असेल तर तासही मोजत बसू नका. पहिल्या एक-दोन दिवसांतही लशीमुळे खोकला किंवा धाप लागत नाही. डेंगीची एनएस१ चाचणी तापाच्या सुरुवातीच्या साधारण पाच दिवसांतच नीट कळते, त्यामुळे ‘बघू उद्या’ म्हणण्यात तो वेळही निघून जातो.

त्रास झाला तर पुढच्या वर्षी लस घ्यायची का?

दंड दुखला, दोन दिवस ताप आला, तर पुढच्या वर्षी लस न घेण्याचं ते कारण नाही. दर वर्षी तितकाच त्रास होतो असंही नाही. तीव्र ॲलर्जी किंवा जीबीएस झाला असेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचा डोस घ्यायचा नाही.

वेगळा काही त्रास झाला तर तो नोंदवता येतो, आणि नोंदवायला हवा. भारताच्या औषध दक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. रुग्ण स्वतः किंवा घरचे फोन करू शकतात. त्यासाठी लशीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि वेळ लागते. हे सगळं कुपीवर किंवा कार्डावर असतं, म्हणून लस घेतानाच त्याचा फोटो काढून ठेवा. नंतर कुपी कचऱ्यात जाते आणि कुणालाच काही आठवत नाही.

यंदा जूनमध्ये आईने पुन्हा लस घेतली. ‘मागच्या वेळी लशीनेच आजारी पडले’ हे तिच्या डोक्यातून काढायला मला दोन महिने लागले. शेवटी गेल्या वर्षीच्या तारखा कॅलेंडरवर मांडून दाखवल्या, तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, मधे तर मी दोन दिवस चांगली होते की!’ या वेळी बॅच क्रमांकाचा फोटो तिनेच काढला. फ्रिजवर चुंबकाखाली एक चिठ्ठी आहे, तिच्या अक्षरात : ‘लस शनिवार ११.१५. मंगळवार ११.१५ नंतर ताप आला तर डॉक्टर.’ रविवारी दंड दुखला, सोमवारी राहिला. मंगळवारी सव्वाअकराला तिने चिठ्ठी काढून टाकली.